मोजता येतं तिथे वर्गमूळ काढू नका: अलीलची वारंवारता आणि हार्डी-वाइनबर्गचं समीकरण

p² + 2pq + q² = 1 हे समीकरण धड्यात आलं की बहुतेक जण एकच कृती पाठ करून टाकतात. अप्रभावी लक्षण असलेल्यांचं प्रमाण घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, अप्रभावी अलीलची वारंवारता q मिळाली. एकातून ती वजा केली की दुसऱ्या अलीलची वारंवारता p मिळाली. परीक्षेतल्या बऱ्याच गणितांना हे चालतं, म्हणून ती सवय पक्की होते. मग एखाद्या प्रश्नात तिन्ही जिनोटाइपच्या, म्हणजे अलीलच्या तिन्ही जोड्यांच्या, लोकांची संख्या दिलेली असते आणि ‘ही लोकसंख्या समतोलात आहे का ते तपासा’ असं विचारलेलं असतं. तिथेही हात वर्गमूळाकडेच जातो आणि उत्तराला काही अर्थ उरत नाही. कारण वर्गमूळ काढतानाच आपण समतोल आहे, म्हणजे तिन्ही प्रमाणं p², 2pq आणि q² अशीच आहेत, असं धरून चाललेलो असतो. जे सिद्ध करायचं तेच आधी मान्य केलं, तर तपासायला काय राहिलं?

म्हणून गणित हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हेटरोझायगस माणसं, म्हणजे दोन्ही अलीलची एकेक प्रत असलेली, मला वेगळी ओळखता येतात का? येत असतील तर अलील सरळ मोजायचे. तिथे समीकरण लागत नाही आणि एकही गृहीतक लागत नाही. येत नसतील तरच समीकरणाचा आधार घ्यायचा, आणि तेव्हा त्याची सगळी गृहीतकं आपल्या माथी येतात. पुढची सगळी आकडेमोड या एका फरकाभोवती आहे.

उदाहरण सिकलसेलचं घेऊ. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार ओळखीचा आहे, आणि त्यात तिन्ही जिनोटाइप तपासणीत वेगळे दिसतात. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकाचे दोन अलील धरू. नेहमीचा तो ‘ए’ आणि सिकलचा तो ‘एस’. एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. हीमोग्लोबिनचे प्रकार विद्युतप्रवाहाने वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एए आणि एसएसचा मुख्य पट्टा एकेकच येतो, तर वाहकाचे दोन्ही पट्टे येतात. त्यामुळे शंकेला जागा नसते.

आकडे अँथनी ॲलिसन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेले, तेव्हाच्या टांगानिकातले, म्हणजे आजच्या टांझानियातले घेतो. त्यांनी लहान बाळं आणि मोठी माणसं वेगवेगळी मोजली होती, आणि त्यातच या उदाहरणाची खरी गंमत आहे.

बाळं: एए १८९, एएस ८९, एसएस ९, एकूण २८७.
मोठी माणसं: एए ४००, एएस २४९, एसएस ५, एकूण ६५४.

पहिली पायरी: अलील मोजा

प्रत्येक माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात, तेव्हा २८७ बाळांत ५७४ प्रती झाल्या. एए बाळाकडे ‘ए’च्या दोन प्रती, एएस बाळाकडे एक. एवढंच जोडायचं.

‘ए’च्या प्रती = २ × १८९ + ८९ = ४६७
‘एस’च्या प्रती = २ × ९ + ८९ = १०७
p = ४६७ ÷ ५७४ = ०.८१३६
q = १०७ ÷ ५७४ = ०.१८६४

४६७ आणि १०७ मिळून ५७४ होतात का ते इथेच बघून घ्या. न जुळल्यास भागाकारापर्यंत जायचंच नाही. सर्रास होणारी चूक म्हणजे २८७ ने भागणं, म्हणजे प्रतींना माणसांनी भागणं. ती लगेच लक्षात येते, कारण p एकापेक्षा मोठा येतो. दुसरी चूक चार दशांश स्थळं न ठेवण्याची. p = ०.८१ आणि q = ०.१९ असं उरकून पुढे गेलात तर शेवटच्या पायरीत वर्ग करताना ती घट फुगते.

आणखी एक गोष्ट उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. p + q = १ आलं म्हणून ‘लोकसंख्या समतोलात आहे’ असा निष्कर्ष काढलेला असतो. दोनच अलील असतील तर p + q नेहमीच १ येणार. समतोल असो वा नसो, त्याचा या बेरजेशी संबंध नाही.

दुसरी पायरी: समतोल असता तर किती दिसले असते

आता समीकरणाचं काम सुरू होतं. ते म्हणतं की जोडीदार या जनुकाच्या बाबतीत न बघता निवडले जात असतील, तर एका बीजपेशीतून ‘ए’ येण्याची शक्यता p आणि दुसरीतूनही p, म्हणून एएचं प्रमाण p². ‘ए’ आईकडून आणि ‘एस’ वडिलांकडून, किंवा उलट, असे दोन मार्ग असल्यामुळे एएसचं 2pq. एसएसचं q². १९०८ मध्ये हे दोघांनी स्वतंत्रपणे मांडलं. स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग आणि केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी. हार्डींकडे हा प्रश्न त्यांचा जनुकशास्त्रज्ञ मित्र पनेट घेऊन गेला होता आणि दोघांच्या मैत्रीचा एक धागा क्रिकेटचा होता. हार्डींना ते गणित इतकं सोपं वाटलं की एका छोट्या पत्रात त्यांनी ते संपवलं. प्रभावी अलील काळाच्या ओघात आपोआप पसरत जाईल, हा तेव्हाचा गैरसमज त्या पत्राने मोडीत काढला.

बाळांसाठी अपेक्षित संख्या काढू. प्रत्येक प्रमाणाला २८७ ने गुणायचं.

एए: ०.८१३६² × २८७ = १९०.०
एएस: २ × ०.८१३६ × ०.१८६४ × २८७ = ८७.१
एसएस: ०.१८६४² × २८७ = १०.०

प्रत्यक्षात १८९, ८९ आणि ९ होते. नुसत्या डोळ्यांनीही दिसतं की जुळतंय. तरी तपासणी पूर्ण करू, कारण पुढे मोठ्या माणसांसाठी तीच लागणार आहे.

तिसरी पायरी: काय-स्क्वेअर

प्रत्येक गटात प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करायची, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित संख्येने भागायचं, आणि तिन्ही गटांची बेरीज करायची. बाळांत ती बेरीज सुमारे ०.१४ येते.

ही बेरीज ३.८४ शी ताडून बघतात. तो आकडा पाच टक्के पातळीचा आणि एका स्वातंत्र्यमात्रेचा आहे. स्वातंत्र्यमात्रा एकच कशी, गट तर तीन आहेत ना, असा प्रश्न पडायला हवा. तिनातून एक जातो, कारण एकूण संख्या ठरलेली आहे. आणखी एक जातो, कारण p आपण याच आकड्यांवरून काढला. राहिली एक. दोन धरून ५.९९ शी तुलना केली तर खरा बिघाड हातातून निसटू शकतो.

इथे दोन पथ्यं पाळायची. काय-स्क्वेअर माणसांच्या संख्येवरच करायचा, टक्क्यांवर नाही. टक्के घातले की २८७ बाळं असोत वा अठ्ठावीस हजार, उत्तर तेच येतं, आणि नमुन्याच्या आकाराला काही किंमतच राहत नाही. दुसरं म्हणजे एखाद्या गटात अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली तर या तपासणीवर भरवसा ठेवू नये. दुर्मिळ आजारात रुग्णांच्या गटाचं नेमकं हेच होतं.

०.१४ हे ३.८४ च्या कितीतरी खाली आहे. म्हणजे बाळांचे आकडे समतोलाशी सुसंगत आहेत. ‘सुसंगत आहेत’ असंच लिहायचं, ‘समतोल सिद्ध झाला’ असं नाही. का, ते आता दिसेल.

चौथी पायरी: तीच कृती मोठ्या माणसांवर

६५४ माणसं, १३०८ प्रती. ‘ए’च्या १०४९, ‘एस’च्या २५९. म्हणून p = ०.८०२० आणि q = ०.१९८०. अलीलची वारंवारता बाळांच्या जवळपासच आहे. अपेक्षित संख्या मात्र अशा येतात:

एए: अपेक्षित ४२०.६, प्रत्यक्ष ४००
एएस: अपेक्षित २०७.७, प्रत्यक्ष २४९
एसएस: अपेक्षित २५.६, प्रत्यक्ष ५

काय-स्क्वेअर येतो सुमारे २५.८. इथे समतोल नाही. पण नुसतं ‘समतोल नाही’ लिहून थांबणारं उत्तर अर्धवट आहे. बिघाड कोणत्या बाजूला झाला ते वाचायचं. वाहक अपेक्षेपेक्षा एकेचाळीस जास्त आहेत, रुग्ण सुमारे एकवीसने कमी, आणि निरोगी एएसुद्धा तेवढेच कमी. रुग्ण कमी असण्याचं कारण सरळ आहे. त्या काळात एसएस मुलं मोठी होईपर्यंत जगणं अवघड होतं. एए कमी का, हा अधिक मोलाचा प्रश्न. त्या भागात फाल्सिपॅरम मलेरिया होता, आणि वाहकांना त्याच्या गंभीर रूपापासून बरंच संरक्षण मिळतं. एए मुलांना ते नव्हतं.

गृहीतकांच्या यादीतलं ‘नैसर्गिक निवड नसावी’ हे गृहीतक इथे मोडलं. मात्र हीच निवड त्या लोकसंख्येत पिढ्यान्‌पिढ्या चालू होती, आणि तरीही बाळांचे आकडे समतोलात दिसले! त्यामागचं कारण असं की निवड जन्मानंतर चाळणी लावते. चाळणीतून उरलेल्या माणसांची लग्नं या जनुकाकडे न बघता होतात, आणि त्या एकाच पिढीत p², 2pq, q² पुन्हा जुळून येतात. आपण बाळं मोजली ती चाळणी पुरती लागण्याआधी, आणि मोठी माणसं मोजली ती चाळणीनंतर. म्हणून समतोलाची तपासणी पास झाली याचा अर्थ सगळी गृहीतकं पाळली जात आहेत असा होत नाही. नमुना कोणत्या वयाचा आहे हे कळल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

पुस्तकात पाच गृहीतकं एका रांगेत दिलेली असतात आणि सगळी सारख्याच वजनाची वाटतात. ती तशी नाहीत. जोडीदाराची निवड या जनुकापासून स्वतंत्र असणं हा समीकरणाचा पायाच आहे, तो गेला तर p² आणि 2pq लगेच चुकतात. निवड आणि स्थलांतर आकड्यांत दिसू शकतात, पण कधी मोजलं त्यावर ते अवलंबून आहे. उत्परिवर्तनाचा वेग इतका कमी असतो की काही शे माणसांच्या नमुन्यात त्याचा परिणाम दिसणार नाही. लोकसंख्या लहान असेल तर अलीलची वारंवारता पिढीगणिक योगायोगाने हलते, हे एकाच पिढीच्या मोजणीत सहसा उमटत नाही. म्हणून समतोल बिघडला की ‘उत्परिवर्तन झालं असेल’ असं लिहिणं ही केवळ यादीतून उचललेली सबब ठरते.

वर्गमूळ कधी, आणि त्याची किंमत काय

आता समजा ॲलिसन यांना वाहक ओळखता आले नसते. फक्त रुग्ण दिसले असते. मग एकच वाट उरते, q² = रुग्णांचं प्रमाण.

बाळांत ९ ÷ २८७ = ०.०३१४, वर्गमूळ ०.१७७. मोजून आलेला q होता ०.१८६. ठीक आहे, जवळ आहे.

मोठ्या माणसांत ५ ÷ ६५४ = ०.००७६, वर्गमूळ ०.०८७. मोजून आलेला q होता ०.१९८. निम्म्याहूनही कमी! यावरून वाहक काढले तर २ × ०.०८७ × ०.९१३ × ६५४, म्हणजे सुमारे १०४ येतात. प्रत्यक्षात २४९ होते. सूत्र तेच आणि आकडेमोडही बिनचूक, पण गृहीतक मोडलेलं असल्यामुळे निम्म्याहून जास्त वाहक हिशोबातून गायब झाले.

समतोल खरोखर असला तरी वर्गमूळाचा अंदाज जास्त डळमळतो. बाळांच्या नमुन्यात मोजणीने काढलेल्या q ची प्रमाण त्रुटी √(pq ÷ 2N), म्हणजे ०.०१६ आहे; इथे N ही माणसांची संख्या. वर्गमूळाने काढलेल्याची √((1 − q²) ÷ 4N), म्हणजे ०.०२९. साधं कारण आहे. ८९ वाहकांची माहिती आपण बाजूला टाकली आणि सगळा भार नऊ बाळांवर दिला. नवाऐवजी योगायोगाने बारा सापडली असती, तर q ०.२०४ झाला असता.

आपल्याकडच्या तपासणी शिबिरांत याचंच वेगळं रूप भेटतं. तिथे आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकला आणि ते गढूळ झालं तर चाचणी पॉझिटिव्ह. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, तो पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने करावा लागतो. प्रश्नात फक्त पॉझिटिव्हचा आकडा दिलेला असेल तर त्याचं वर्गमूळ काढायचं नाही, कारण त्यात q² आणि 2pq दोन्ही मिसळलेले आहेत. वर्गमूळ निगेटिव्हच्या प्रमाणाचं काढायचं, तेच एकट्या p² इतकं असतं. ‘एखाद्या गावात ३६ टक्के लोक पॉझिटिव्ह’ म्हटलं की घाईत q = ०.६ लिहिलं जातं. बरोबर वाट अशी: निगेटिव्ह ६४ टक्के, p = ०.८, q = ०.२. पडताळा घ्या, ०.०४ + ०.३२ = ०.३६. कोणतंही वर्गमूळ काढण्याआधी स्वतःला विचारायचं की या गटात नेमका एकच जिनोटाइप आहे ना. पाठ्यपुस्तकातल्या गणितांत प्रभावी लक्षणाचं प्रमाण p² समजण्याची चूक होते, तीसुद्धा हीच.

ज्या जनुकाची जागा एक्स गुणसूत्रावर आहे त्याला ही कृती जशीच्या तशी लावू नका. पुरुषात एकच प्रत असते, म्हणून रंगांधळ्या पुरुषांचं प्रमाण म्हणजेच q. वर्गमूळ नाही. q² फक्त स्त्रियांसाठी.

वाहक अपेक्षेपेक्षा कमी निघाले तर

टांगानिकाच्या मोठ्या माणसांत वाहक जास्त होते. आपल्याकडे बहुधा उलट दिसण्याची शक्यता असते, आणि तिचा निवडीशी संबंध नसतो. आकडे मुद्दाम सोपे धरतो. दोन समाज आहेत, प्रत्येकाची शंभर माणसं तपासली, आणि एकमेकांत लग्नं होत नाहीत. पहिल्यात सिकलचा अलील नाहीच, शंभरही एए. दुसऱ्यात q = ०.४, आणि समतोल पक्का आहे: एए ३६, एएस ४८, एसएस १६.

आता कोणी दोन्ही याद्या एकत्र केल्या. एए १३६, एएस ४८, एसएस १६. एकूण २०० माणसं, ४०० प्रती, त्यांत ‘एस’च्या ८०, म्हणून q = ०.२. समीकरणाने अपेक्षित संख्या १२८, ६४ आणि ८ येते. वाहक सोळाने कमी, रुग्ण दुप्पट. काय-स्क्वेअर १२.५. दोन्ही समाज स्वतंत्रपणे समतोलात असूनही एकत्र यादी सपशेल नापास झाली. याला वाहलुंडचा परिणाम म्हणतात.

आपापल्या जाती-जमातींतच, पोटजातींतच लग्नं होतात तिथे अख्ख्या जिल्ह्याची किंवा तालुक्याची यादी एकत्र करून समीकरण लावणं म्हणूनच धोक्याचं. वाहक कमी आणि एए, एसएस हे दोन्ही होमोझायगस जास्त असं दिसलं की आधी विचारायचं, नमुन्यात किती समाज मिसळलेत. यादी वेगळी करून प्रत्येकाचा q वेगळा काढायचा. बिघाड नाहीसा झाला तर कारण सापडलं.

वेगळं करूनही वाहक कमीच राहिले तर नात्यातली लग्नं तपासायची. महाराष्ट्रात कित्येक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होतं. अशा जोडप्याच्या मुलात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता, म्हणजे F, १/१६ आहे. तेव्हा रुग्णांचं प्रमाण q² राहत नाही, ते q² + Fpq होतं. अलील दुर्मिळ असेल, समजा q = ०.०१, तर एरवी दहा हजारांत एक रुग्ण जन्मेल. मामेबहिणीशी लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांत हे प्रमाण ०.०००१ + ०.०००६२ = ०.०००७२, म्हणजे दहा हजारांत सात होतं. अलीलची वारंवारता मात्र तीच, ०.०१. फक्त प्रती वेगळ्या जोड्यांत वाटल्या गेल्या. असा समाज असेल आणि आपण ०.०००७२ चं वर्गमूळ काढलं तर q ०.०२७ येईल, खऱ्याच्या पावणेतीन पट. वाहक ओळखणारी चाचणी उपलब्ध असेल तर इथेही अलील मोजून काढलेला q बरोबरच येतो, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष वाहकांतल्या फरकावरून F सुद्धा काढता येतो: F = १ − (प्रत्यक्ष वाहक ÷ अपेक्षित वाहक).